काडीच्या आतले आकडे : फोटोवरून चष्म्याची फ्रेम कशी ओळखायची

चष्मा मोडला की माणूस पहिल्यांदा समोरून फोटो काढतो आणि चष्मेवाल्याला पाठवतो. खाली लिहिलेलं असतं, "सेम अशीच पाहिजे." सोलापूरच्या नवी पेठेतल्या आमच्या दुकानाच्या फोनवर असे फोटो सारखे येतात, आणि समोरून काढलेल्या त्या फोटोवरून जवळपास काहीच सांगता येत नाही. काळी चौकोनी फ्रेम शंभर कंपन्या बनवतात. फ्रेमची खरी ओळख समोर नसते. ती काडीच्या आतल्या बाजूला, कानशिलाला टेकणाऱ्या भागावर, बारीक अक्षरांत छापलेली असते. ती ओळ वाचता आली तर पुण्या-मुंबईतून नेमकी तीच फ्रेम मागवता येते. चुकीची वाचली, तर तशीच दिसणारी दुसरी फ्रेम येते आणि जुन्या लेन्स तिच्यात बसत नाहीत.

बहुतेक लोकांना ही ओळ वाचायची गरज पडते ती या लेन्समुळेच. फ्रेम तुटते, पण आतल्या नंबराच्या लेन्स ठणठणीत असतात. लेन्स प्रोग्रेसिव्ह असतील, म्हणजे लांबचा आणि जवळचा नंबर एकाच काचेत, मधे रेघ नाही, तर त्यांची किंमत फ्रेमपेक्षा जास्त असू शकते. हुबेहूब तीच फ्रेम त्याच मापात मिळाली, तर जुन्या लेन्स काढून नवीत बसवता येतात.

## ओळीत काय काय असतं

सोलापुरात चादरीचा धंदा ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना हे लगेच समजेल. व्यापारी फोनवर माल मागवतो तेव्हा "ती लाल-निळी चादर" म्हणत नाही. तो डिझाईन नंबर, शेड नंबर आणि साईज सांगतो. चष्म्याच्या काडीवरही हेच तीन असतात : मॉडेल, रंग आणि माप. हे काही कंपन्यांच्या मर्जीवर सोडलेलं नाही. चष्म्याच्या फ्रेमसाठी आयएसओ १२८७० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. बनवणाऱ्याची ओळख, मॉडेल, रंग आणि तीन मापं फ्रेमवर असावीत असं ते सांगतं.

रेबॅनच्या एका नेहमीच्या नंबराच्या फ्रेमवरची ओळ अशी दिसते :

```
RB 5228 2012 53□17 140
```

`RB 5228` हे मॉडेल. `2012` हा रंगाचा कोड. ते साल नव्हे, हे मुद्दाम सांगतो, कारण "२०१२ ला घेतलेली दिसतेय" असं म्हणणारे रोज भेटतात. या कंपनीच्या यादीत `2000` म्हणजे काळा आणि `2012` म्हणजे गडद तपकिरी, ठिपक्याठिपक्यांचा, जुन्या कचकड्याच्या चष्म्यासारखा. पुढची तीन मापं मिलिमीटरमध्ये आहेत. ५३ ही एका लेन्सची रुंदी, १७ हे दोन लेन्समधलं नाकावरचं अंतर आणि १४० ही काडीची पूर्ण लांबी, कानामागे वळलेला भाग धरून.

५३ आणि १७ यांच्यामधला छोटा चौकोन सजावटीचा नाही. लेन्सभोवती एक काल्पनिक चौकट काढून तिची रुंदी मोजली आहे, असं तो सांगतो. लेन्स गोल असो की बदामी, माप त्या चौकटीचंच असतं.

## एक फोटो, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

जुळे सोलापुरात राहणाऱ्या एका शिक्षिका काकूंची काडी बिजागरीपाशी तुटली. लेन्स प्रोग्रेसिव्ह, वर्षभरापूर्वीच केलेल्या. त्यांचा मुलगा पुण्यात नोकरीला, तो शनिवारी येणार होता. काकूंनी फोटो पाठवला, अर्थातच समोरून.

"काकू, काडीच्या आतल्या बाजूचा पाठवा. दोन्ही काड्यांचा."

"आत काय असतंय? कंपनीचं नाव तर बाहेर दिसतंय की."

नाव दिसत होतं, पण नावाला उपयोग नव्हता. रेबॅनची मॉडेल्स अगणित आहेत. काकूंनी मग आतला फोटो काढला आणि मुलाने फोनमधल्या अक्षरं वाचणाऱ्या सोयीने त्यातली ओळ उचलून मला पाठवली :

```
R8 5228 2012 53017 140
```

यात दोन चुका आहेत, आणि या दोन इतक्या नेहमीच्या आहेत की पाठ करून ठेवाव्यात. `B` चा `8` झाला. आणि मधला चौकोन फोनला शून्य वाटला, म्हणून `53□17` चं `53017` झालं. काडीवरच्या मापांच्या जागी पाच आकडी संख्या दिसली आणि तिच्या मधोमध शून्य असलं, की ते शून्य म्हणजे चौकोनच समजायचं. `52018` म्हणजे ५२ आणि १८, `54016` म्हणजे ५४ आणि १६. अक्षरांचा घोळही ठरलेला असतो : `B` आणि `8`, `O` आणि `0`, `S` आणि `5`, `G` आणि `6`, `I` आणि `1`. म्हणून फोनने उचललेली ओळ घ्यावी, पण फोटो मोठा करून डोळ्यांनी पुन्हा वाचावी.

ओळ सुधारली. आता मुलाने `RB5228` शोधलं, तर निम्म्या ठिकाणी ती फ्रेम `RX5228` या नावाने दिसली. त्याला वाटलं, ही वेगळी फ्रेम. ती तीच होती. रेबॅनच्या नंबराच्या फ्रेमवर काडीत `RB` छापलेलं असतं, पण विक्रीच्या यादीत बऱ्याचदा `RX` लिहितात. आकडा जुळला पाहिजे, ही दोन अक्षरं बदलली तरी चालतात.

पुढची पायरी सगळ्यात महत्त्वाची. हे मॉडेल ५०, ५३ आणि ५५ अशा मापांत येतं. तिन्ही फ्रेम फोटोत सारख्याच दिसतात. काकूंची लेन्स ५३ च्या फ्रेमसाठी कापलेली आहे. ५० मध्ये ती बसवायची तर घासून लहान करावी लागेल, आणि प्रोग्रेसिव्ह लेन्स घासली की खालचा वाचायचा भाग कमी होण्याची भीती. ५५ मध्ये तर ती सरळ निसटेल. म्हणून दुकानदाराला "रेबॅन ५२२८ आहे का?" असं विचारायचं नाही. "५२२८, माप ५३-१७" असं विचारायचं. रंग मात्र बदलला तरी लेन्सला काही फरक पडत नाही.

## पट्टी लावून खात्री

पैसे देण्याआधी मी काकूंना एक मोजणी करायला सांगितली, कारण वाचलेला आकडा आणि हातातली वस्तू जुळते का हे पाहायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

शाळेची पट्टी घेऊन लेन्स आडवी मोजली तर ५३ भरत नाही, साधारण ५२ भरते. लोक इथे गोंधळतात. पूर्ण कडा असलेल्या फ्रेममध्ये लेन्सची धार कडेच्या खाचेत शिरलेली असते, साधारण अर्धा-अर्धा मिलिमीटर दोन्ही बाजूंना. छापलेलं माप खाचेच्या तळापासून घेतलेलं असतं आणि आपल्याला दिसते फक्त उघडी काच. त्याच कारणाने नाकावरचं अंतर १७ ऐवजी १८ भरतं.

यातून सुटायची एक सोपी युक्ती आहे. एका लेन्सच्या डाव्या कडेपासून दुसऱ्या लेन्सच्या डाव्याच कडेपर्यंत मोजायचं. यात एक लेन्स आणि एक नाकाचं अंतर येतं, आणि खाचेमुळे एकीकडे कमी झालेलं दुसरीकडे भरून निघतं. ५३ आणि १७ मिळून ७० व्हायला हवेत. काकूंनी मोजलं, ७० भरले. ५० मापाची असती तर ६७ भरले असते. तीन मिलिमीटरचा फरक पट्टीवर सहज दिसतो.

चष्मा हातात नसेल आणि फक्त फोटो मागवायचा असेल, तर चष्म्याशेजारी त्याच पातळीवर एटीएम कार्ड ठेवून फोटो काढायला सांगावं, कार्डावरचे सगळे नंबर झाकून. सगळ्या बँकांची कार्डं एकाच मापाची असतात : लांबी ८५.६० मिलिमीटर आणि रुंदी ५३.९८. म्हणजे कार्डाची छोटी बाजू जवळजवळ ५४ मिलिमीटर, काकूंच्या लेन्सपेक्षा इतकुशीच मोठी. फोटो मात्र अगदी वरून, सरळ काढलेला हवा. तिरका असेल तर हे माप निरुपयोगी.

पुण्यात ५३ मापात तपकिरी मिळाली नाही, काळी मिळाली. काकूंनी कुरकुर करत काळी घेतली. लेन्स बसल्या.

## वाचता येईल असा फोटो

काडीवरची अक्षरं मिलिमीटर-दीड मिलिमीटर उंचीची, काडी गोलसर आणि चकचकीत. समोरून फ्लॅश मारला की सगळं पांढरं होतं. फ्लॅश बंद करावा आणि दुसऱ्या फोनचा टॉर्च बाजूने, काडीला जवळजवळ समांतर धरावा. मग अक्षरांच्या कडा उठून दिसतात. फोन अगदी चिकटवला तर फोकस होत नाही, म्हणून वीतभर अंतरावरून दुप्पट झूम करावा. काडी पारदर्शक असेल तर मागे गडद कागद धरावा, नाहीतर पलीकडचंही दिसत राहतं. सेल्फी कॅमेरा वापरू नये, काही फोनमध्ये अक्षरं आरशातल्यासारखी उलटी साठवली जातात. आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. साधा फोटो पाठवला की तो आकाराने लहान होतो आणि त्यात पहिला बळी जातो तो याच अक्षरांचा.

दोन्ही काड्यांचा फोटो हवा, कारण बऱ्याच फ्रेमवर एका काडीत मॉडेल आणि मापं असतात, दुसऱ्या काडीत कंपनीचं नाव आणि देश. एक काडी तुटून हरवली असेल, तर अर्धी माहिती तिच्याबरोबर गेलेली असते. मग नाकावरच्या पुलाची आतली बाजू पाहावी. काही फ्रेमवर, विशेषतः धातूच्या, तिथेही मापं कोरलेली असतात.

## प्रत्येक कंपनीची लकब

रेबॅनमध्ये काडीवर एक आणि यादीत दुसरं असा प्रकार दिसला. तो एकट्या रेबॅनचा नाही. टॉम फोर्डच्या काडीवर `TF5178` असेल तर शोधताना ते `FT5178` असं सापडतं, अक्षरं उलटून. प्राडाचं आणखी गमतीचं. नंबराच्या फ्रेमवर काडीत `VPR 17M` असतं आणि यादीत `PR 17MV`. पुढचा `V` मागे जातो. हा `V` नंबराच्या फ्रेमचा, गॉगलच्या काडीवर त्या जागी `S` असतो. गुचीत हे अक्षर शेवटी येतं : `O` असेल तर नंबराची फ्रेम, `S` असेल तर गॉगल. ओकलीत ते सुरुवातीला आहे, `OX` नंबराच्या फ्रेमला आणि `OO` गॉगलला.

मागे लागलेलं एखादं अक्षरही सोडून देऊ नये. रेबॅनच्या `RB2140` आणि `RB2140F` या दोन फ्रेम लांबून सारख्या दिसतात, पण `F` वाली बसक्या नाकासाठी वेगळी घडवलेली असते आणि मापंही सारखी नसतात. `F` गाळून मागवली तर नेमका लेन्सचाच प्रश्न उभा राहतो.

## मॉडेल वाटणारं, पण मॉडेल नसलेलं

एकदा आकडे शोधायची सवय लागली की सगळेच आकडे मॉडेल वाटायला लागतात. `TR90` हे सगळ्यात जास्त फसवतं. ते एका लवचिक नायलॉनसारख्या प्लास्टिकचं नाव आहे आणि बाजारातल्या अर्ध्या हलक्या फ्रेमवर ते सापडेल. `UV400` म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतची अतिनील किरणं अडवण्याचा दावा. `CE` ही युरोपीय बाजारासाठीची खूण. `TITAN-P` दिसलं तर टायटन कंपनी नव्हे, फ्रेमचा काही भागच टायटॅनियमचा आहे एवढाच अर्थ. आजोबांच्या सोनेरी फ्रेमवर `1/20 12K GF` असेल तर तो सोन्याच्या पत्र्याचा हिशेब : १२ कॅरेटचा थर, वजनाच्या विसाव्या भागाइतका.

गॉगलवर मापांच्या शेजारी `3N` किंवा `3P` असतं. ३ हा काच किती गडद आहे त्याचा वर्ग, ० ते ४ पैकी, आणि `P` असेल तर काच पोलराइज्ड. पारदर्शक नंबराच्या लेन्स असलेल्या फ्रेमवर `3N` दिसलं तर घाबरू नये. कुणीतरी गॉगलच्या फ्रेममध्ये नंबर घालून घेतला आहे, एवढंच. शोधताना मात्र ती गॉगलच्या यादीत शोधायची.

## "आमच्या काडीवर नावच नाही"

असा फोटो बऱ्याचदा येतो :

```
8012 C2 52□18-140
```

नाव नाही, नुसता चार आकडी नंबर, आणि `C2` म्हणजे दुसरा रंग. यातली मापं खरी आणि उपयोगाची असतात, पण `8012` शोधून काही हाती लागत नाही. हा कारखान्याचा स्वतःचा नंबर असतो. दुसरा कारखाना अगदी वेगळ्या फ्रेमला हाच नंबर देऊ शकतो, आणि एकाच कारखान्याची फ्रेम तीन नावांनी विकली जाऊ शकते. `FRAME ITALY` किंवा `ITALY DESIGN` असं नुसतं लिहिलेलं असेल तर तेही कंपनीचं नाव नव्हे, आणि माल इटलीत बनल्याचं तर त्यात कुठेच म्हटलेलं नाही. अशा फ्रेमसाठी मी तरी सांगतो, शोधात वेळ घालवू नका. लेन्स घेऊन दुकानात या आणि त्याच मापाची, त्याच आकाराची फ्रेम हातात घेऊन जुळवा.

लेन्सकार्टच्या घरच्या नावांचं त्या मानाने सोपं आहे. विन्सेंट चेजच्या कोडला `VC` आणि जॉन जेकब्जच्या कोडला `JJ` अशी सुरुवात असते. तो पूर्ण कोड त्यांच्याच दुकानात दाखवला की काम होतं, बाहेर शोधायची गरज नाही.

## कोड जुळला म्हणजे माल अस्सल का?

नाही. नक्कल करणारा सगळ्यात आधी कोडच उतरवतो, त्यात काही खर्च नाही. कोड जुळल्याने काहीच सिद्ध होत नाही, पण न जुळल्याने बरंच कळतं. काडीवर `2000` आहे आणि फ्रेम तपकिरी, किंवा ५३-१७ छापलंय आणि पट्टीवर ७० च्या जागी ६६ भरतात, तर काहीतरी गडबड आहे. काडी बदललेली असेल किंवा फ्रेमच बनावट असेल.

देश वाचून मात्र निकाल देऊ नये. "चायना लिहिलंय, म्हणजे डुप्लिकेट" हे दुकानात रोज ऐकतो. रेबॅन ज्या लक्झोटिका कंपनीकडे १९९९ पासून आहे, तिचा चीनमध्ये स्वतःचा कारखाना आहे. भारतात राजस्थानातल्या भिवाडीलाही रेबॅन बनले आहेत. १९९९ च्या आधी रेबॅन बॉश अँड लॉम्ब या अमेरिकन कंपनीचे होते, आणि त्या काळच्या गॉगलच्या काचेच्या कडेला `RB` ऐवजी `BL` कोरलेलं असतं. वडिलांचा जुना रेबॅन "`RB` नाही" म्हणून कुणी खोटा ठरवला असेल, तर एकदा काचेची कड उजेडात धरून पाहावी.

## अक्षरं पुसली असतील तर

सोलापूरचा एप्रिल-मे काडीवरच्या छपाईला सोसत नाही. घाम आणि डोक्याचं तेल मिळून छापलेली अक्षरं दोन-तीन उन्हाळ्यांत पुसट करतात, आणि पुसली जातात ती नेमकी कानशिलापाशी. उरलेली वाचायच्या आधी स्पिरिटने किंवा थिनरने पुसायचा मोह आवरावा, होतं नव्हतं तेही निघून जाईल. ओल्या मऊ फडक्याने हलकं पुसणं पुरे.

अक्षरं लेसरने कोरलेली असतील तर त्यावर चिमूटभर टाल्कम पावडर चोळून वरवर पुसावी. पावडर खाचेत राहते आणि आकडे पांढरे उठून दिसतात. नुसत्या छपाईवर याचा काही उपयोग नाही. काहीच वाचता येत नसेल तर जुनं बिल शोधावं, बऱ्याच दुकानांच्या बिलावर फ्रेमचा कोड लिहिलेला असतो. तेही नसलं तर उरते ती पट्टी : लेन्स अधिक नाक किती भरतं आणि काडीची लांबी किती. कंपनी माहीत असेल तर एवढ्यावरूनही यादी पुष्कळ आवळत येते.

## तीच फ्रेम मिळाली, तरी लेन्स बसेलच?

बहुतेक वेळा बसते, पण हमी कुणी देऊ नये. जुनी कचकडी किंवा प्लास्टिकची फ्रेम वर्षानुवर्षं वापरून, गाडीच्या डॅशबोर्डवर तापून थोडी पसरलेली असते, आणि लेन्स नंतर त्या पसरलेल्या खाचेच्या मापाने कापलेली असू शकते. नव्या फ्रेममध्ये ती अंमळ मोठी निघू शकते. तसं झालं, तर ऑप्टिशियन प्लास्टिकची कड गरम करून ती बसवतो. धातूच्या फ्रेममध्ये एवढी सवलत नाही, तिथे बारीक घासावंच लागतं. म्हणून ऑनलाइन मागवताना परत करता येईल अशीच मागवावी आणि लेन्स बसेपर्यंत फ्रेमवरचं लेबल काढू नये.

बिनकडेच्या फ्रेमची गोष्ट वेगळी. तिथे लेन्सला भोकं पाडून नाकाचा पूल आणि काड्या थेट स्क्रूने किंवा पिनांनी जोडलेल्या असतात. काडीवरचं मॉडेल फक्त त्या पुलाचं आणि काड्यांचं असतं. काचेचा आकार दुकानात तुम्ही निवडलेला असतो, तो कोडमध्ये कुठेच नाही. त्यामुळे तिथे मॉडेल अचूक वाचूनही काम अर्धंच होतं. नव्या काड्यांच्या पिना जुन्या भोकांत बसतात का, हे लेन्स समोर ठेवूनच पाहावं लागतं. अशा चष्म्याचा फोटो पाठवू नका, चष्माच घेऊन या.